मिसळीच्या तर्रीतल्या कॅलरी कशा मोजायच्या?

नाशिककरांनो, घरी काळ्या मसाल्याचा रस्सा करताना तेल बुधलीतून थेट ओतू नका, १५ मिलीच्या टेबलस्पूनने मोजा. एक सपाट चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, मग ते शेंगदाण्याचं असो वा सूर्यफुलाचं. तूप साधारण ११२.

चौघांच्या रश्श्याला ४ चमचे तेल, म्हणजे ४८०. सगळा रस्सा संपला तर प्रत्येकी १२०. पण तेल सारखं वाटलं जात नाही, ते वर तरंगतं! पहिल्या वाटीत तर्री जास्त जाते, म्हणून वाढताना तळापासून ढवळा. उरलेली तर्री निथळून मोजा: चमचाभर निघाली तर ३६० भागिले चार, म्हणजे ९०. मटकी, फरसाण, पाव यांचा हिशोब वेगळा धरा.