शिफारशीचे वजन: चंद्रपूर-गडचिरोलीतील एका तर्जुम्याचा मागोवा

१९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांचा नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. एकोणचाळीस गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांनी घरी जाऊन बाळांची देखभाल केली, जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना जेंटामायसिनची इंजेक्शने दिली, आणि तिसऱ्या वर्षी तुलनेच्या सत्तेचाळीस गावांच्या मानाने नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. त्यानंतर चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मनात ‘पुरावा’ या शब्दाला एक स्थानिक अभिमानाची छटा आली. मात्र हा प्रयोग यादृच्छिक विभागणीचा नव्हता, आणि ज्या पद्धतीची पुढे जगभर चलती झाली तिच्या तराजूत अशा प्रयोगाला आरंभीच हलके पारडे मिळते. ही पद्धत म्हणजे ‘ग्रेड’. तिचा कार्यगट २००० च्या सुमारास एकत्र आला आणि काही वर्षांतच जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांसाठी ती स्वीकारली. निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या वर्गांसाठी त्या सूचनांचा मराठी तर्जुमा करण्याचे काम आम्हां काही मंडळींच्या वाट्याला आले, त्या कामाचा हा मागोवा आहे.

इंग्रजीत शिकलेल्या डॉक्टरांना मराठी पाठ हवाच कशाला, असा प्रश्न पुष्कळदा विचारला गेला. त्याचे उत्तर एटापल्ली, धानोरा, जिवती वा कोरपना येथील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. तेथील अधिकाऱ्यांपैकी अनेक आयुर्वेदाचे पदवीधर असतात, चर्चा मराठीतच होते, आणि अधिकाऱ्याने वर्गात जे ऐकले ते दुसऱ्या आठवड्यात परिचारिकेला आणि आशाताईंना मराठीतच सांगावयाचे असते. इंग्रजी सूचनेचे वजन या तीन हातांतून जाताना कमीजास्त होऊ नये, एवढाच आमचा हेतू होता.

ग्रेडची मांडणी थोडक्यात अशी. प्रत्येक सूचनेला दोन निरनिराळ्या खुणा असतात. एक पुराव्याच्या भरवशाची असते आणि तिचे चार दर्जे आहेत: उच्च, मध्यम, अल्प, अत्यल्प. दुसरी शिफारशीच्या बळाची असते आणि तिचे दोनच दर्जे आहेत, ज्यांस इंग्रजीत ‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’ म्हणतात व आरोग्य संघटना दुसऱ्याला ‘कंडिशनल’ म्हणते. पहिल्या प्रकारच्या शिफारशीचा अर्थ असा की, माहिती पुरती मिळालेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाने तो उपचार पत्करला असता, म्हणून डॉक्टराने तो सरसकट देऊ करावा. दुसऱ्या प्रकारच्या शिफारशीत मात्र शहाणी माणसेही वेगवेगळा कौल देतील, म्हणून डॉक्टराने रुग्णाशी बोलून ठरवावे. शिफारशीचे बळ ही पुराव्याच्या भरवशाची सावली नव्हे. २०१५ साली संघटनेने इस्पितळात नेणे शक्य नसलेल्या लहान बाळांच्या गंभीर जंतुसंसर्गावर सूचना काढल्या. त्यांत दोन दिवस जेंटामायसिन व सात दिवस तोंडाने अमॉक्सिसिलिन या पर्यायाचा पुरावा अल्प भरवशाचा असूनही शिफारस पहिल्या दर्जाची होती, कारण पर्याय न दिल्यास बाळ विनाउपचार घरी राहणार आणि त्याचे काय होणार हे कोणास सांगावयास नको होते. संघटनेच्या २००७ ते २०१२ या काळातील सूचना ज्यांनी तपासल्या, त्यांना प्रबळ शिफारशींपैकी निम्म्याहून अधिक शिफारशी अल्प वा अत्यल्प भरवशाच्या पुराव्यावर उभ्या असल्याचे आढळले. त्यांतील सगळ्याच समर्थनीय होत्या असे मी म्हणणार नाही.

पहिला तर्जुमा ‘प्रबळ’ आणि ‘दुर्बळ’ असा झाला, व तो शब्दकोशाच्या दृष्टीने निर्दोष होता. वर्गात मात्र ‘दुर्बळ शिफारस’ म्हणजे दुर्बळ पुरावा, सबब उपचार टाकून द्यावा, असा समज दिसू लागला. आणि ‘प्रबळ’ शब्दाला सरकारी परिपत्रकाची ताकीद चिकटली. शिफारस हा शब्दच आमच्याकडे निष्पाप नाही. फारसीतून दप्तरात आलेला हा शब्द जिल्ह्याच्या ठिकाणी अद्यापि बदलीच्या वा नोकरीच्या अर्जाला जोडलेल्या चिठ्ठीची आठवण करून देतो, आणि चिठ्ठी कोणाची यावर तिचे वजन ठरते. मग दुर्बळऐवजी संघटनेच्याच शब्दाला अनुसरून ‘सशर्त’ म्हणावे असे ठरले. सगळ्यांत मोठी अडचण याच शब्दाने उभी केली, आणि ती डेक्सामेथासोनच्या निमित्ताने.

अकाली प्रसूतीच्या वाटेवर असलेल्या स्त्रीला सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन बारा-बारा तासांनी चार वेळा स्नायूत दिले असता बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, ही गोष्ट जुनी आहे. जून २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ ते ३४ आठवड्यांच्या गर्भारपणात अकाली कळा सुरू झाल्यास ते देण्याच्या सूचना काढल्या आणि उपकेंद्रातील परिचारिकेलाही रवानगीपूर्वीची एक मात्रा देण्याची मुभा दिली. चारच महिन्यांनी एक मोठी चाचणी प्रकाशात आली. सहा देशांतील तिच्या ठिकाणांत भारतातून नागपूर आणि बेळगाव ही दोन होती, म्हणजे ती आमच्या अंगणातलीच म्हणावयाची. हे औषध गावपातळीपर्यंत पोचवण्याचा प्रयत्न ज्या विभागांत झाला, तेथे फार लहान बाळांचे मृत्यू अर्थपूर्ण प्रमाणात कमी झाले नाहीत. उलट सर्व बाळे मिळून पाहता दर हजारी सुमारे साडेतीन नवजातमृत्यू अधिक झाले आणि मातांना जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. ज्यांना औषध मिळाले त्यांतील बहुतेकींची बाळे तितकी लहान नव्हतीच. त्यांना लाभ शून्य आणि जोखीम मात्र पुरेपूर होती.

त्यावर २०१५ साली आरोग्य संघटनेने जी शिफारस काढली, ती पहिल्या दर्जाची होती आणि तरीही पाच अटींनी बांधलेली होती. गर्भाचे वय अचूक ठरवता आले पाहिजे. अकाली प्रसूती खरोखर जवळ आलेली असली पाहिजे. मातेला संसर्गाची चिन्हे नसावीत. प्रसूतीची योग्य व्यवस्था असावी. आणि अकाली जन्मलेल्या बाळाची पुरेशी शुश्रूषा, म्हणजे गरज पडल्यास पुनरुज्जीवन, ऊब, दूध पाजण्याचे साहाय्य, संसर्गावर उपचार आणि सुरक्षित प्राणवायू, उपलब्ध असावी. त्याच दस्तऐवजात पुढे औषधाचा दुसरा क्रम देण्याविषयीची शिफारस होती आणि ती मात्र दुसऱ्या दर्जाची, इंग्रजीत ‘कंडिशनल’ होती. म्हणजे एका पानावर अटींसह प्रबळ शिफारस आणि दुसऱ्या पानावर सशर्त शिफारस. मराठीत दोहोंना ‘सशर्त’ हेच विशेषण लागू लागले, व डॉक्टरांनी साहजिकच दोन्ही एकाच खान्यात टाकल्या.

वर्गात एक कल्पित प्रसंग ठेवला गेला. भामरागड तालुक्यात श्रावणात पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहते आहे. तिसऱ्या खेपेची एक गर्भिणी कळा देत आली आहे, पाळीची तारीख तिला सांगता येत नाही, नोंदणी उशिरा झाली, सोनोग्राफी झालेली नाही, पोटाची उंची बत्तीस आठवड्यांची भासते, अंगात किंचित ताप आहे. जिल्ह्याचे नवजात शुश्रूषा केंद्र दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एक तरुण अधिकारी म्हणाला, “शिफारस प्रबळ आहे, इंजेक्शन देऊन टाकायचे.” दुसऱ्याचे म्हणणे पडले की, अटी आहेत म्हणजे शिफारस दुर्बळ, तेव्हा नवऱ्याला विचारून ठरवावे. दोन्ही उत्तरे चुकीची होती, आणि दोन्हींची मुळे आमच्या भाषांतरात होती.

पोटाची उंची बत्तीस आठवड्यांची दिसते याचा अर्थ गर्भ बत्तीस आठवड्यांचाच आहे असे या भागात धरता येत नाही. मलेरिया, रक्तक्षय आणि मातेचे तोकडे वजन यांमुळे वाढ खुंटलेले छत्तीस आठवड्यांचे बाळही तितकेच दिसते, व तेवढ्याच भांडवलावर औषध दिल्यास ज्यांना ते नको त्यांना ते दिले जाते, जे नेमके त्या चाचणीत घडले. तेव्हा पहिली अट पुरी होत नाही. ताप असल्याने तिसरीविषयी शंका आहे, आणि पाणी ओसरेपर्यंत पाचवी पुरी होण्याचा संभव नाही. दुसरी व चौथी भागतील, पण तेवढ्याने काम होत नाही. शिफारशीचे बळ अटींसकट संपूर्ण वाक्याचे असते. अट मोडली की शिफारस दुर्बळ होत नाही, ती त्या रुग्णाला लागूच होत नाही. मग तापाचे कारण शोधणे, प्रसूतीची तयारी, बाळाला आईच्या अंगाशी धरून ऊब देणे, दूध काढून पाजणे, आणि वाट मोकळी होताच रवानगी, ही कामे उरतात. मंत्रालयाच्या मात्रेची मुभा कागदावर आहे हे खरे. पण मुभा आणि हुकूम यांतले अंतर त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला दप्तरी अनुभवाने ठाऊक होतेच.

याउलट खऱ्या दुसऱ्या दर्जाचा प्रसंग. गडचिरोलीच्या इस्पितळात भरती असलेल्या, गर्भाचे वय नीट ठरलेल्या स्त्रीला पहिला क्रम देऊन आठवडा झाला, प्रसूती झाली नाही, पण पुढच्या सात दिवसांत ती होण्याची शक्यता मोठी आहे. दुसरा क्रम दिल्यास बाळाच्या श्वासाला मदत होते आणि वजन किंचित घटू शकते. येथे तिच्याशी बोलावे लागते, घरापासून किती दिवस दूर राहता येईल हेही पाहावे लागते, आणि दोन समंजस स्त्रिया दोन वेगळी उत्तरे देऊ शकतात.

या दोन प्रसंगांनंतर पाठ बदलला. ‘प्रबळ-दुर्बळ’ जाऊन ‘ठाम’ आणि ‘निवडसापेक्ष’ आले, व ‘सशर्त’ हा शब्द दर्जासाठी वापरणे बंद झाले. अटींना ‘पूर्वअटी’ असे नाव देऊन त्या शिफारशीच्या वर, प्रश्नांच्या रूपात छापल्या, कारण मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असले तरी घाईत वाचणारा डोळा सरळ ‘द्यावे’वर जाऊन थांबतो. ठाम शिफारशीत ‘द्यावे’ आले, ‘दिलेच पाहिजे’ नव्हे. निवडसापेक्षात ‘विचारून ठरवावे’. पुराव्याचा भरवसा वेगळ्या ओळीत, वेगळ्या ठशात गेला. तर्जुमा उतरला की नाही हे शब्दांवरून नव्हे, तर पाठ वाचून डॉक्टर अशा प्रसंगात काय करतो यावरून पारखले गेले. माझ्या मते एवढी एक कसोटी सोडली तर बाकीचा वाद पंडितांचा होता.

२०२० साली भारतासह पाच देशांतील इस्पितळांत झालेल्या चाचणीत, जिच्यात बेळगावचाही सहभाग होता व गर्भाचे वय सोनोग्राफीने ठरवले होते, नवजातांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच होते, पण या वेळी पूर्वअटी भागलेल्या होत्या. २०२२ च्या सुधारित सूचनांत आरोग्य संघटनेने त्या अटी कायम ठेवल्या, आणि माता-बाल आरोग्याच्या आपल्या सूचनांत ‘प्रबळ-सशर्त’ ही जोडी आधीच मागे टाकून ‘विशिष्ट परिस्थितीपुरती शिफारस’ असा निराळा वर्ग स्वीकारलेला होता. म्हणजे ज्या गोंधळाशी आम्ही मराठीत झुंजलो तो केवळ मराठीचा नव्हता. आमच्या पाठात आता डेक्सामेथासोनच्या पानाआधी एक पान येते, ज्यात शिफारस एकच आहे: चोवीस आठवड्यांच्या आत प्रत्येक गर्भिणीची एक सोनोग्राफी करून गर्भाचे वय माताबाल संरक्षण कार्डावर लिहावे. अहेरी, सिरोंचा आणि भामरागडच्या अधिकाऱ्यांना त्या पानावर अजून शंका आहेत, आणि त्या यंत्राच्या व रस्त्याच्या आहेत, भाषेच्या नाहीत.