लग्नातही 'आनंद', तेराव्यालाही 'आनंद'? गुरुद्वारात शेवटी म्हणतात त्या आनंद साहिबाचा अर्थ

नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात आपल्याकडचे अनेक जण दर्शनाला जातात, लंगरमध्ये जेवून येतात. काहींचे शीख कुटुंबांशी शेतीचे, व्यापाराचे, गाड्यांचे संबंध असतात, त्यामुळे त्यांच्या लग्नाला जाणे होते आणि कुणी वारले तर भेटायला जाणेही होते. अशा दोन्ही ठिकाणी गेलेल्या माणसाच्या एक गोष्ट लक्षात येते. कार्यक्रम संपत आला की एक ठरावीक वाणी सुरू होते आणि तिची सुरुवातच 'आनंद' या शब्दाने होते. लग्नात ठीक आहे हो, पण ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घरात आनंदाचे गाणे कसे काय?

याचे उत्तर त्या वाणीतच आहे. त्यासाठी तिची सुरुवातीची पाच कडवी आणि शेवटचे कडवे समजून घेऊ.

ही वाणी कुणाची?

या वाणीचे नाव आनंद साहिब. रचना तिसरे गुरू अमरदास यांची. गुरू ग्रंथ साहिबाची एकूण पाने १४३०. शीख बांधव पानाला 'अंग' म्हणतात, कारण त्यांच्यासाठी ग्रंथ हाच गुरू आहे. आनंद साहिब ९१७ ते ९२२ या अंगांवर येते. राग आहे रामकली, म्हणजे आपल्या शास्त्रीय संगीतातला सकाळचा राग. कडवी एकूण ४०. एका कडव्याला 'पउडी' म्हणतात. पउडी म्हणजे पायरी, आपलाच शब्द समजा.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कडव्याच्या शेवटी नाव येते नानकांचे, मग रचना अमरदासांची कशी? ज्या गुरूंची वाणी या ग्रंथात आहे त्या सर्वांनी तिच्यात 'नानक' हीच नाममुद्रा वापरली. ज्योत एकच, फक्त देह बदलला, अशी त्यामागची भावना. मग रचना कुणाची हे ओळखायचे कसे? वर मथळ्यात 'महला' असा शब्द आणि पुढे आकडा असतो. महला १ म्हणजे गुरू नानक, महला ३ म्हणजे गुरू अमरदास. आनंद साहिबावर ३ आहे. आपले संत नामदेव मात्र त्याच ग्रंथात स्वतःच्या नावानेच येतात, त्यांची ६१ पदे तिथे आहेत.

पहिली पायरी समजायला आधी माणूस समजून घ्या

अमरदासांचा जन्म १४७९ चा. परंपरा असे सांगते की ते धार्मिक वृत्तीचे होते, वर्षानुवर्षे हरिद्वारची यात्रा करत, पण गुरू काही भेटला नव्हता. घरात पुतण्याची बायको होती, बीबी अमरो. ती दुसरे गुरू अंगद यांची मुलगी. एकदा पहाटे ती कामे करता करता वाणी म्हणत होती, ती यांच्या कानावर पडली. हे तिच्याबरोबर गुरू अंगदांकडे गेले आणि तिथलेच झाले. तेव्हा वयाची साठी उलटलेली होती. नात्याने आणि वयाने लहान असलेल्या माणसाला गुरू मानून त्यांनी त्याच्यासाठी नदीवरून पाणी वाहिले. १५५२ मध्ये ते स्वतः गुरू झाले आणि गोइंदवाल हे त्यांचे ठिकाण झाले. तिथली ८४ पायऱ्यांची बावडी, म्हणजे पायविहीर, आजही आहे.

हे माहीत असले की पहिली पउडी नीट ऐकू येते. तिच्यात एक माणूस आईला हाक मारून सांगतो की मला गुरू सापडला, म्हणून आनंद झाला. खटाटोप करून मिळवला असे नाही, सहज लाभला. मनात जणू शुभेच्छांचा गजर चालला आहे, सगळे राग आपापल्या कुटुंबकबिल्यासह गायला आले आहेत. उतारवयापर्यंत शोधत राहिलेल्या माणसाचे हे बोलणे आहे. आता आनंद कशाचा, ते बघा. पीक आले, पोरगा झाला, खटला जिंकला, यातले काहीच त्यात नाही. आनंदाचे कारण एकच, गुरू भेटला. जे मिळाले ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पुढचे सगळे याच मुद्द्यावर उभे आहे.

दुसरी ते पाचवी पायरी

दुसऱ्या पउडीत बोलणे आईकडून स्वतःच्या मनाकडे वळते. अरे मना, तू कायम हरीजवळच राहा. तो दुःख विसरायला लावील, तुला आपला म्हणेल, तुझी कामे मार्गी लावील. सगळे ज्याच्या हातात आहे त्यालाच का विसरतोस? यात मनाला थोडा दमही आहे. आनंद झाला म्हणून मन तिथेच थांबेल असे नाही, ते पुन्हा भटकते. म्हणून आनंदानंतर लगेच ही ताकीद.

तिसरीत मनाकडून मालकाकडे वळणे होते. खऱ्या साहेबा, तुझ्या घरात काय कमी आहे? सगळे आहे, पण ज्याला तू देतोस त्यालाच ते मिळते. मग मागायचे काय? तुझे नाव मनात राहो, एवढेच. आपल्याकडे नवस बोलताना यादी मोठी असते. इथे भरलेल्या घराच्या दारात उभे राहून फक्त नाव मागितले आहे.

चौथीत ते मिळाल्याचे सांगतात. नाव हाच माझा आधार आणि त्यानेच माझी सगळी भूक भागवली. भूक म्हणजे पोटाची नव्हे, हे हवे ते हवे अशी मनाची हाव. ती शमली तेव्हा शांती आली. हे ज्याच्यामुळे झाले त्या गुरूवरून स्वतःला ओवाळून टाकतो, असे म्हणून ऐकणाऱ्या संतजनांना शब्दावर प्रेम करायला सांगितले आहे.

पाचवी पउडी घराची आहे. ज्या घरात पाच शब्द वाजतात ते घर भाग्यवान. पाच शब्द म्हणजे परंपरेने पाच प्रकारची वाद्ये, तारेची, चामड्याची, धातूची, घटाची आणि फुंकून वाजवायची. पण इथे घर म्हणजे माणसाचे अंतःकरण आणि संगीत आतले, न वाजवता वाजणारे. आपल्या संतांनी त्यालाच अनाहत नाद म्हटले. त्या घरात पाच शत्रू हरतात, काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार. आपण षड्रिपू म्हणजे सहा मोजतो, शीख परंपरेत पाच मोजतात. आणि मृत्यूची भीतीही तिथे संपते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, दुःखाच्या घरी तिचाच अर्थ लागतो.

पाचनंतर एकदम चाळीसावी

समारंभाच्या शेवटी सगळ्या ४० पउड्या सहसा म्हणत नाहीत. पहिल्या पाच झाल्या की थेट चाळीसावी म्हणतात. शीख रहत मर्यादेत, म्हणजे शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये मान्य केलेल्या आचारसंहितेत, हाच छोटा पाठ दिलेला आहे. संध्याकाळच्या रहिरास पाठातही हाच छोटा आनंद येतो. अमृत संस्काराच्या वेळी मात्र पूर्ण म्हणतात. म्हणून मोबाईलवर शोधले तर एक ध्वनिफीत काही मिनिटांची आणि दुसरी बरीच लांब निघते. दोन्ही बरोबरच आहेत. पहिली सहा पउड्यांची, दुसरी चाळीसांची.

चाळीसावीत ऐकणाऱ्यांना भाग्यवान म्हणून हाक मारली आहे. हा आनंद ऐका, इच्छा पुऱ्या झाल्या, दुःख, रोग, संताप ही खरी वाणी ऐकून निघून गेले. म्हणणारेही पवित्र आणि ऐकणारेही पवित्र. म्हणजे ज्याला वाचता येत नाही, जो मागे बसून नुसता ऐकतो, त्यालाही वाटा सारखाच.

मधल्या ३४ पउड्या सोडल्या तरी त्यातली एक इथे सांगायलाच हवी. सातव्या पउडीचा आशय असा की आनंद आनंद तर सगळेच म्हणतात, पण खरा आनंद काय तो गुरूकडूनच कळतो. पुढे अकराव्यात मनाला बजावले आहे की हे जे कुटुंब तुला दिसते ते शेवटी तुझ्याबरोबर येणार नाही.

आता दोन घरे शेजारी ठेवून बघा

लग्नाचे घर. शीख विवाहाचे नावच 'आनंद कारज', म्हणजे आनंदाचे कार्य. नवरा-नवरी गुरू ग्रंथ साहिबासमोर बसतात. चौथे गुरू रामदास यांच्या चार 'लावां' एकेक करून आधी वाचतात, मग गातात आणि तेव्हा जोडपे ग्रंथाभोवती फेरी घेते. चार फेऱ्या झाल्या की आनंद साहिबाच्या सहा पउड्या. मग सगळे उभे राहतात, अरदास म्हणजे प्रार्थना होते. त्यानंतर बसून हुकुमनामा, म्हणजे ग्रंथ उघडून येईल तो शब्द ऐकतात. शेवटी कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात घेऊन केलेला कडाह प्रसाद. पाहुण्यांनी एवढे लक्षात ठेवावे की आनंद साहिब संपले की उठायचे असते, डोके झाकलेले हवे आणि प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा.

दुःखाचे घर. अंत्यसंस्कारानंतर ग्रंथाचा पाठ ठेवतात आणि त्याच्या समाप्तीला, म्हणजे भोगाला, नातेवाईक जमतात. पाठ संपला की पुन्हा त्याच सहा पउड्या, मग अरदास, हुकुमनामा, प्रसाद. क्रमही तोच.

म्हणजे मेलेल्या माणसाबद्दल आनंद मानतात असे मुळीच नाही. रडू कुणालाही येते. पण ज्या आनंदाचा उल्लेख आहे तो माणूस आल्याने आलेला नव्हता, त्यामुळे माणूस गेल्याने जात नाही. लग्नघरातल्या लोकांना ती वाणी सांगते की आजचा थाट हाच आनंद समजू नका. दुःखी घराला ती सांगते की सगळेच संपले असे समजू नका.

ग्रंथातच याला जोड आहे. आनंद साहिब ९२२ व्या अंगावर संपते आणि पुढच्याच अंगावर 'सद' नावाची रचना सुरू होते. सद म्हणजे बोलावणे. ती गुरू अमरदासांचे पणतू सुंदर यांची आहे आणि तिच्यात गुरूंच्या शेवटच्या वेळेचे वर्णन आहे. वरून बोलावणे आले तेव्हा त्यांनी घरच्यांना आणि शिष्यांना जवळ बसवले आणि माझ्यामागे रडू नका, कीर्तन करा, असे सांगितले. १५७४ मध्ये ते गेले. आनंद लिहिणाऱ्याचा शेवट त्याच्या वाणीला लागूनच ठेवलेला आहे.

आपल्याकडे कीर्तन-पारायणाच्या शेवटी पसायदान म्हणतात, तशीच ही शेवटची जागा. फरक एवढाच की पसायदानात मागणे आहे आणि आनंद साहिबाची सुरुवात मिळाल्याची बातमी देऊन होते. पुढच्या वेळी कुठल्याही शीख घरी गेलात आणि शेवटी हा शब्द कानावर आला, तर उठून निघायची घाई करू नका. सहा पउड्यांना पाच-सात मिनिटेच लागतात.