वारसांची जागा भाड्याने देताना : एका सहीचा करार किती टिकतो?

पुणतांब्यासारख्या गावात जुन्या घरांची मांडणी बहुधा सारखीच असते. रस्त्याच्या अंगाला दुकान आणि त्याच्या मागे राहण्याची जागा. घरमालकाचे निधन होते, मुली आधीच सासरी गेलेल्या असतात, एखादा मुलगा पोटापाण्यासाठी भिवंडीला किंवा मालेगावला स्थायिक होतो आणि गावी राहिलेला थोरला मुलगा दुकान भाड्याने देतो. करारावर मालक म्हणून एकट्या त्याची सही असते. अनामत तोच घेतो, महिन्याचे भाडेही तोच घेतो. यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही. आईची देखभाल, घरपट्टी, पावसाळ्यापूर्वीची डागडुजी हे सारे तोच पाहत असतो, त्यामुळे आपली सही पुरेशी आहे असे त्याला मनापासून वाटते. भाडेकरू तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर त्याचे नाव पाहतो आणि निश्चिंत होतो.

आम्ही कापडाचे व्यापारी, वकील नव्हे. परंतु दुकानाच्या जागेवरच आमचा धंदा उभा असल्यामुळे या विषयाकडे दुर्लक्ष करणे आम्हाला परवडत नाही. म्हणून एक हिशेब मांडून पाहू. यातील कुटुंब कल्पित आहे, कायदा मात्र खरा आहे.

एका मरहूम व्यापाऱ्याच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. आईवडील आधीच वारले आहेत. कफन-दफनाचा खर्च, कर्ज, बाकी महर आणि वसीयत असल्यास तिची रक्कम वजा करून उरलेल्या मालमत्तेची वाटणी सूरह निसामध्ये दिलेल्या हिश्शांप्रमाणे होते. मुले असल्यामुळे पत्नीला आठवा हिस्सा मिळतो. उरलेले सात हिस्से मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात जातात, म्हणजे दोन मुलांना मिळून चार आणि तीन मुलींना मिळून तीन. जुन्या पद्धतीने रुपयाचे सोळा आणे धरले तर आईचे दोन आणे, प्रत्येक मुलाचे चार आणे आणि प्रत्येक मुलीचे दोन आणे होतात. थोरला मुलगा ज्या दुकानाचा करार एकट्याच्या सहीने करतो, त्यात त्याचे स्वतःचे चार आणे आहेत. बारा आणे इतरांचे आहेत, आणि त्यांतले आठ आणे, म्हणजे निम्मे दुकान, घरातील स्त्रियांचे आहे.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. थोरला मुलगा हा कुटुंबाचा कर्ता, म्हणून त्याचा व्यवहार सर्वांना बांधतो, असे आपल्यातही मानले जाते. कर्त्याचे हे अधिकार हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यातून आलेले आहेत. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाची तशी कल्पनाच नाही. वडिलांच्या निधनाच्या क्षणीच प्रत्येक वारस आपापल्या ठरलेल्या हिश्श्याचा स्वतंत्र मालक होतो. प्रत्यक्ष भिंत पडेपर्यंत ताबा सामाईक राहतो एवढेच. मोठ्या भावाला धाकट्याच्या किंवा बहिणीच्या हिश्श्यावर केवळ वयामुळे कोणताही अधिकार येत नाही. इतरांच्या वतीने सही करायची असेल, तर तो अधिकार त्यांनी त्याला दिलेला असावा लागतो.

नमुना 8 चेही असेच आहे. ती घरपट्टीची आकारणी आहे, मालकीचा दाखला नव्हे. कित्येक घरांच्या उताऱ्यावर आजही आजोबांचेच नाव असते. तसे असेल तर वडिलांच्या वारसांवर थांबून चालत नाही. आजोबांच्या मुली, म्हणजे आपल्या फुफू, त्यांचाही हिस्सा त्यात असतो, आणि त्या हयात नसतील तर त्यांच्या मुलांकडे तो गेलेला असतो. फराइजच्या जाणकारांकडून असा पिढ्यांचा हिशेब, ज्याला मुनासखा म्हणतात, एकदा कागदावर मांडून घ्यावा. एखाद्या बहिणीने आपला हिस्सा सोडला आहे असे सांगितले जात असेल, तर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र पाहायला मागावे. लग्नात दागिने दिले, हे काही हक्कसोडपत्र नव्हे.

आता हिशेब पुढे नेऊ. दुकान पाच वर्षांसाठी दिले, भाडे महिना आठ हजार, अनामत दोन लाख. भाडेकरूने शटर, कपाटे आणि काउंटरवर आणखी तीन लाख घातले. आठ महिन्यांनी मालेगावच्या बहिणीची वकिलामार्फत नोटीस आली, की मी संमती दिलेली नाही, माझा हिस्सा मला द्या. भाडेकरूच्या हातात नेमके काय उरते?

करार अगदीच कोरा कागद ठरत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे सहमालकाला आपल्या हिश्श्यापुरता व्यवहार करता येतो. त्यामुळे भाडेकरू थोरल्या भावाच्या जागी उभा राहतो, पण त्याच्या चार आण्यांपुरताच. सर्व जागेचा स्वतंत्र ताबा इतर वारसांविरुद्ध त्याला हक्काने मागता येत नाही. मागच्या राहत्या घराचा भाग घेतला असेल तर स्थिती याहून नाजूक, कारण अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात परक्याला संयुक्त ताबाही मागता येत नाही, असे तेच कलम सांगते. बहिणीने वाटणीचा दावा लावला आणि दुकानाचा तो खण तिच्या किंवा आईच्या वाट्याला गेला, तर पाच वर्षांचा वायदा तेथेच लंगडा पडतो. अनामत परत मागायची ती ज्याने घेतली त्याच्याकडेच.

आठ महिन्यांचे भाडे मात्र भाडेकरूला पुन्हा भरावे लागत नाही. ज्याच्याकडून जागा घेतली त्याला प्रामाणिकपणे दिलेले भाडे कलम 50 मान्य करते. बहिणीला त्यातला आपला वाटा भावाकडून वसूल करावा लागेल. आठ हजारांत दोन आणे म्हणजे महिना एक हजार, म्हणून आठ महिन्यांचे आठ हजार. खरा प्रश्न नोटिशीनंतरचा आहे. आता हक्कदार दुसरेही आहेत हे कळलेले असते, त्यामुळे मुकाट्याने पूर्वीप्रमाणेच पैसे देत राहणे धोक्याचे. सर्व वारसांचे एकमत लेखी मागावे, आणि ते होत नसेल तर पुढचे भाडे कसे व कुठे भरायचे हे वकिलाकडून ठरवून घ्यावे.

येथे काही जण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा हवाला देतात. श्रीराम पसरिचा विरुद्ध जगन्नाथ या 1976 च्या निकालात एकटा सहमालकही भाडेकरूला काढण्याचा दावा लावू शकतो असे ठरले, हे खरे आहे. इंडिया अम्ब्रेला कंपनीच्या 2004 च्या निकालातही तेच सूत्र आहे. मग एकटा काढू शकतो तर एकटा ठेवू का शकत नाही? कारण जागा मोकळी करून घेणे हे सर्व मालकांच्या हिताचे काम मानले जाते, म्हणून इतरांचा विरोध दिसत नाही तोवर त्यांची संमती गृहीत धरली जाते. जागा भाड्याने देणे म्हणजे सर्वांच्या हक्कावर पाच वर्षांचे ओझे ठेवणे होय. तेथे संमती गृहीत धरून चालणाऱ्याने स्वतःच्या जोखमीवर चालावे. अर्थात वर्षानुवर्षे भाड्याचा वाटा गुपचूप घेत आलेल्या वारसाला नंतर मला माहीतच नव्हते असे म्हणणे जड जाते. म्हणून वाटा रोखीने न देता बँकेतून पाठवणे भावाच्याही हिताचे आहे.

सर्वांत अवघड गाठ अज्ञान वारसाची. आपल्या उदाहरणातील धाकटी मुलगी चौदा वर्षांची आहे असे समजा. तिच्या वतीने आईने सही केली तर लोकांना ते पुरेसे वाटते. पण मुस्लिम कायद्यात अज्ञानाच्या मालमत्तेचे कायदेशीर पालक म्हणजे बाप, बापाने वसीयतीने नेमलेला इसम, आजोबा आणि आजोबांनी तसा नेमलेला इसम. आई मुलीला सांभाळते, परंतु तिच्या मालमत्तेचा व्यवहार करण्याचा अधिकार केवळ आई असल्याने तिला मिळत नाही. इमामबांदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने 1918 मध्ये हे स्पष्ट केले. पुढे मोहम्मद अमीन विरुद्ध वकील अहमद या खटल्यात 1952 साली सर्वोच्च न्यायालयाने थोरल्या भावाने अज्ञान भावाच्या वतीने केलेली कौटुंबिक तडजोड त्याला बंधनकारक नाही असे ठरवले. विधवा आईवर हा नियम कठोर आहे असे आम्हाला वाटते, पण तो आहे.

यावर उपाय म्हणजे पालक आणि पाल्य कायदा, 1890 प्रमाणे जिल्हा न्यायालयाकडून आईला मालमत्तेचा पालक नेमून घेणे. नेमणूक झाल्यावरही मर्यादा राहतात. कलम 29 प्रमाणे पाच वर्षांहून अधिक काळाचा, किंवा पाल्य सज्ञान झाल्यावर एका वर्षापलीकडे जाणारा भाडेपट्टा न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. मुलगी आज चौदा वर्षांची, अठराव्या वर्षी सज्ञान होणार. चार अधिक एक म्हणजे पाच वर्षे. आपला पाच वर्षांचा करार जेमतेम बसतो, सहा वर्षांचा बसला नसता. मुलगी सोळाची असती तर परवानगीशिवाय तीनच वर्षांचा करता आला असता.

बाकीच्या सह्या त्या मानाने सोप्या आहेत. मालेगावची बहीण तालुक्याला येऊन सही करू शकते. दुसरी बहीण शौहरबरोबर दुबईत असेल, तर तिने भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यारपत्रात जागेचे वर्णन, भाड्याने देणे, भाडे घेणे आणि नोंदणीपुढे दस्त हजर करणे हे अधिकार स्पष्ट लिहिलेले असावेत. फोनवर दिलेला होकार कितीही गोड असला तरी दुय्यम निबंधकाच्या टेबलावर तो ठेवता येत नाही.

करारात मालक म्हणून सर्वांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहावा. भाडे कोणी एकाने घ्यायचे असेल तर तसा अधिकार सर्वांनी त्याच करारात द्यावा, नाहीतर भाडेकरूने कोणाच्या खात्यात किती भरायचे ते लिहावे. अनामत कोणाकडे राहील आणि जागा सोडताना ती परत करण्याची जबाबदारी कोणाची, हेही लिहावे. बहुतेक भांडणे भाड्यावरून नव्हे तर या अनामतीवरून होतात, असा आमचा बाजारातला अनुभव आहे. एकाने दोन लाख घेऊन धंद्यात घातलेले असतात आणि परत करायच्या वेळी तो सहा जणांकडे बोट दाखवतो.

पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसेल तर पाच वर्षांचा हक्क मिळत नाही. व्यवहार महिन्यामहिन्याचा ठरतो, आणि तो पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. यातून सुटण्यासाठी अकरा महिन्यांचा करार करण्याची जुनी रीत आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 जेथे लागू आहे तेथे कलम 55 प्रमाणे अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदलेला लागतो. ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नाही तर वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. एकट्याच्या सहीवर करार करणाऱ्या भावाला नोंदणीचा कंटाळा का असतो, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. दस्त नोंदवायला बसले की बाकीच्या पाच सह्यांचा विषय निघतो.