जाता जाता लिहिलेलं वाक्य

समजा, नाशिकच्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचा मेल पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत येतो. दिवाळीची गडबड, रजेवर गेलेला अकाउंटंट, मुदत संपलेल्या औषधांचा परतावा 'चुकीचा दिसतोय', रिपोर्टला एक्सेलचं बटण द्या, सीए ११ तारखेच्या आत मागताहेत. आणि जाता जाता, 'वापीचं गोदामही आता सुरू झालंय.'

असा मेल सहसा वर 'प्लीज चेक' लिहून सगळ्यांना फॉरवर्ड होतो. मग जो तो आपल्याला समजलं तेवढं उचलतो. एक्सेलचं बटण आधी तयार होतं, कारण ते सोपं असतं.

त्याऐवजी एकाने मेलमधल्या प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यावा आणि ती माहिती आहे, तक्रार आहे की मागणी, हे शेजारी लिहावं. 'परतावा चुकीचा दिसतोय' ही तक्रार. तिच्यातून दोन प्रश्न निघतात. क्रेडिट नोटवर मूळ बिलातलाच दर आणि जीएसटी लागतो का? आणि ती नोट जीएसटीआर-१ च्या आकड्यांत उतरते का? पहिल्याचं उत्तर प्रोग्रॅमर कोड पाहून देईल, दुसऱ्याचं टेस्टर एक नोट काढून पाहून. दोन्ही एकाच ओळीत कोंबले, की एकाचं उत्तर मिळताच दुसराही सुटला असं वाटतं. म्हणून एका ओळीत एकच प्रश्न, आणि त्यापुढे एकाच माणसाचं नाव.

बटणाची मागणी म्हणजे ग्राहकाने स्वतःच सुचवलेला उपाय. खरा प्रश्न असा, की सीएंना कोणत्या महिन्याचे, कोणते रकाने हवेत? तो टीमने ग्राहकालाच विचारायचा. ११ तारीख ही दरमहा जीएसटीआर-१ भरण्याची शेवटची तारीख असल्याने परताव्याच्या दोन्ही प्रश्नांची मुदतही तीच ठरते.

वापीच्या वाक्यात मात्र ना तक्रार आहे, ना मागणी. ते 'माहिती' म्हणून सोडून देणं सर्वांत सोपं, आणि सर्वांत महागात पडणारंही तेच. वापी गुजरातमध्ये आहे. तिथून विक्री करायची तर तिथली वेगळी जीएसटी नोंदणी लागते. नाशिकहून तिथे माल पाठवला, तर मालक एकच असूनही कर लावलेलं बिल करावं लागतं. म्हणजे प्रश्न उभे राहतात: सॉफ्टवेअर दोन नोंदणी क्रमांक सांभाळू शकतं का? साठा गोदामानुसार वेगळा दिसतो का? माल तिकडे जायला सुरुवात झाली आहे का?

यादी झाल्यावर उलटी तपासणी करावी. मेलच्या प्रत्येक वाक्यासमोर एखाद्या प्रश्नाचा क्रमांक हवा, नाहीतर 'फक्त माहिती' हा शेरा आणि त्याचं कारण. शेरा मारताना कारण सुचलं नाही, तर तिथे प्रश्न निसटला आहे असं समजावं.

मग ग्राहकाचे मूळ शब्द शेजारी ठेवून यादी त्याच दिवशी त्याला परत पाठवावी. त्याने न लिहिलेलं यादीत येणार नाही, त्यासाठी फोनच करावा लागतो. आणि वापीच्या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत कामाचा अंदाज व खर्च कळवू नये.