साखर कुठे कुठे गेली? कारखानाभेटीची जर्नलमधली नोंद

साखर कारखान्याच्या भेटीनंतर लिहिलेली जर्नलं बहुतेक एकसारखी असतात. ऊस आला, रस निघाला, शुद्ध झाला, आटला, साखर तयार झाली. एवढं तर कारखान्यात न जाताही लिहिता येतं. भेटीची नोंद वेगळी व्हायची असेल, तर फाटकातून आत शिरतानाच एक प्रश्न मनात धरावा: उसात जेवढी साखर होती, त्यातली पोत्यात किती पोचली आणि उरलेली कुठे गेली? मग प्रत्येक विभागात काय पाहायचं हे आपोआप ठरत जातं.

पहिली नोंद काट्यावरची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं वजन पाहावं, पण त्याआधी चालकाला ऊस कधी तोडला ते विचारावं. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातल्या सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊ लागतं, आणि त्या दोन शर्करांपासून कारखान्याला दाणेदार साखर मिळत नाही. म्हणजे साखर हरवायला सुरुवात होते ती गव्हाणीच्याही आधी, फडात आणि रस्त्यावर. म्हणून ‘तोडणी काल सकाळी, असं चालकाने सांगितलं’ हे वाक्य वजनाच्या आकड्याइतकंच मोलाचं आहे.

मिलमध्ये आवाज इतका असतो की बोलणं ऐकू येत नाही. इथे डोळ्यांनी पाहायचं ते शेवटच्या मिलपाशी. चिपाडात उरलेली साखर धुऊन काढण्यासाठी त्यावर गरम पाणी सोडतात. शेवटून बाहेर पडणारा बगॅस, परवानगी असेल तर, मुठीत दाबून पाहावा. तो दमट लागतो, पण त्यातून रस ठिबकत नाही. त्यात निम्मं पाणी, दोन टक्क्यांच्या आसपास साखर आणि बाकी मुख्यतः तंतू असतात. ओलावा वाढला तर बॉयलर नीट पेटत नाही; साखर वाढली तर ती सरळ बॉयलरमध्ये जळते.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो रसाच्या शुद्धीकरणाला. मिलचा रस गढूळ, हिरवट-करडा आणि आंबट असतो. पीएच साधारण ५.३. तो सत्तर अंशांपर्यंत तापवून त्यात चुन्याचं दूध आणि सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात आणि पीएच ७ च्या जरा वर आणतात. मग रस उकळीच्या पुढे, १०२ अंशांच्या आसपास तापवून क्लॅरिफायरमध्ये संथ निवळू देतात. गाळ खाली बसतो आणि वरून सोनेरी, पारदर्शक रस येतो. पीएच ७ च्या खाली राहिला तर गरम रसात सुक्रोज फुटत जातं. फार वर गेला तर ग्लुकोज-फ्रुक्टोजचं विघटन होऊन रस काळपट होतो. या टप्प्याची नमुना नोंद अशी दिसेल:

स्थळ: सल्फिटेशन टाकी. वेळ: सकाळी ११.२०.
पाहिलं: आत येणारा रस गढूळ; क्लॅरिफायरच्या काचेतून दिसणारा रस सोनेरी; गंधकाचा उग्र वास.
मोजलं: पीएच-पट्टीवर ७ च्या आसपास, तापमापकावर ७१ अंश.
सांगितलं गेलं: शिफ्ट केमिस्टच्या माहितीनुसार क्लॅरिफायरमध्ये रस दोन-अडीच तास राहतो.
अनुमान: आम्ही पाहिलेला स्वच्छ रस पहाटेनंतर गाळलेल्या उसाचा असावा.

पाहिलं, मोजलं, सांगितलं गेलं आणि अनुमान हे चार कप्पे वेगळे ठेवणं, हीच चांगल्या नोंदीची खूण. शेवटच्या कप्प्यातली गोष्ट पुढे फार कामाला येते, ती कशी ते हिशेबात दिसेल.

यानंतर रस एकामागून एक अशा चार पात्रांत आटतो. पहिल्या पात्राच्या वाफेवर दुसरं तापतं, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरं. हे जमतं ते पुढच्या पात्रांत हवेचा दाब कमी-कमी ठेवल्यामुळे: शेवटच्या पात्रात रस साठ अंशांच्या आतबाहेर उकळतो. म्हणून प्रत्येक पात्राचं तापमान आणि शेवटच्या पात्राचा व्हॅक्यूम लिहून घ्यावा. पुढे पॅनमन पॅनमधून थेंबभर मॅसेक्विट काढून काचेवर पसरतो आणि प्रकाशात धरून दाणा पाहतो. दाणे एकसारखे हवेत. मध्येच बारीक, नको असलेला दाणा तयार झाला, तर सेंट्रिफ्युगल मशीनमध्ये मळी नीट निघत नाही आणि दाणे धुवायला पाणी जास्त मारावं लागतं. त्या पाण्यात साखर विरघळून परत जाते.

आता हिशेब. समजा, प्रयोगशाळेच्या अहवालावरून शंभर टन उसात १३ टन साखर निघाली. आकडे नमुन्याचे आहेत, पण वास्तवाच्या जवळचे:

बगॅस २८.५ टन, त्यात २ टक्के साखर: ०.५७ टन
प्रेसमड ३.५ टन, त्यात २ टक्के: ०.०७ टन
मळी ४.२ टन, त्यात २८ टक्के: १.१८ टन
पोत्यात गेलेली साखर: ११.०८ टन

बेरीज १२.९० टन भरते. उरलेले ०.१० टन ‘अज्ञात घट’ म्हणून लिहायचे. ही घट कोणी मोजत नाही. ती नुसती वजाबाकी आहे. तापवताना फुटलेली साखर, गळती आणि काट्यापासून प्रयोगशाळेपर्यंतच्या मोजमापातल्या चुका, सगळं तिच्यात जमा होतं. म्हणूनच तिचा आकडा एकाएकी वाढला की केमिस्ट पीएचच्या नोंदी पुन्हा चाळतो.

तक्त्यातल्या घटींपैकी सर्वात मोठा आकडा मळीचा, आणि तो पाहून आश्चर्य वाटायला हवं. मळीतली साखर कारखान्याने निष्काळजीपणे सोडलेली नसते. मॅसेक्विट तीनदा उकळून, दाणे काढून झाल्यावर उरलेल्या द्रावात क्षार आणि इतर शर्करा इतक्या साचतात की उरलेल्या सुक्रोजचा दाणा बांधला जाणं परवडत नाही. हीच मळी पुढे आसवनीत जाते. कारखाना इथेनॉलसाठी ‘बी-हेवी’ मळी आधीच वळवत असेल, तर पोत्यात साखर कमी येते आणि उतारा एक-दीड टक्क्याने खाली दिसतो. नोंदीत हे न लिहिता दोन कारखान्यांच्या उताऱ्याची तुलना केली, तर चांगला चाललेला कारखानाही वाईट ठरेल. उताऱ्यावर शेतकऱ्याचा दरही ठरतो: २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलमागे ३५५ रुपयांची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला धरून जाहीर झाली.

विद्यार्थी सहसा अडखळतात ते वेळेपाशी. सकाळी गव्हाणीत पडताना पाहिलेल्या उसाची साखर त्याच दुपारी पोत्यात नसते. क्लॅरिफायर, पॅन आणि क्रिस्टलायझर यांत माल तासन्‌तास थांबतो. त्यामुळे एका फेरीत जमवलेले आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत. ताळेबंद दैनिक अहवालावरूनच मांडावा, आणि आपल्या पीएच-पट्टीचं, तापमापकाचं वाचन त्याच्या शेजारी वेगळ्या रकान्यात ठेवावं. दोन्ही जुळले नाहीत तर आकडा सारखा करू नये. फरक तसाच लिहून त्याची शक्य ती दोन-तीन कारणं द्यावीत. परीक्षकाला ते एक पान वाचून कळतं की हा मुलगा किंवा मुलगी त्या दिवशी खरंच तिथे उभी होती.