मुलाखतीत बोलतं कोण?

चाकणच्या एखाद्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझरची जागा भरायची आहे, असं समजा. समोर उमेदवार बसलेला असतो आणि प्रॉडक्शन मॅनेजर विचारतात, "आमच्याकडे कामाचा ताण जरा जास्त असतो. मशीन बंद पडलं की माणसं चिडतात. अशा वेळी शांत राहणं महत्त्वाचं. जमेल ना तुम्हाला?" उमेदवार म्हणतो, "हो सर, नक्की जमेल." मॅनेजर समाधानाने मान हलवतात आणि कागदावर लिहितात : स्वभाव शांत.

या उत्तरातून उमेदवाराबद्दल काहीही कळलेलं नाही. कोणतं उत्तर हवं आहे ते प्रश्नातच सांगून टाकलं होतं. नोकरीची गरज असलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

असे प्रश्न लबाडीने विचारले जात नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवं. मार्क स्नायडर आणि विल्यम स्वान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. समोरची व्यक्ती बोलक्या स्वभावाची आहे का, हे तपासायला सांगितलेल्या लोकांनी बोलकेपणाच दिसेल असे प्रश्न जास्त निवडले. अबोलपणा तपासायला सांगितलेल्यांनी नेमकं उलट केलं. पुढे तर प्रश्नांच्या ओघात उत्तर देणारी माणसं ऐकणाऱ्यांना खरोखरच तशी वाटू लागली. बायोडाटा चाळताना "मुलगा चांगला दिसतोय" असं एकदा मनात आलं, की मॅनेजरचेही तसंच होतं.

म्हणून प्रशिक्षणात व्याख्यानाला फारसा वेळ देऊ नये. तिघांचा गट करावा : एक मुलाखत घेणारा, एक उमेदवार आणि एक स्टॉपवॉच घेऊन बसलेला निरीक्षक. सगळ्यांच्या संमतीने ही सराव-मुलाखत रेकॉर्ड करावी. मग मॅनेजरने पहिल्या दहा मिनिटांतले आपले प्रश्न ऐकून शब्दशः कागदावर उतरवावेत. ज्याचं उत्तर नुसतं हो-नाहीत संपतं किंवा ज्याच्या शेवटी "ना?" आहे, त्या प्रश्नाखाली रेघ मारावी. निरीक्षकाने कोण किती वेळ बोललं ते सांगावं. स्वतःचे आकडे समोर आले की वाद उरत नाही. मॅनेजरचं बोलणं साधारण एक पंचमांश वेळेत बसावं, असा ढोबळ अंदाज बरेच प्रशिक्षक धरतात. तो नियम नाही, पण दिशा ठीक आहे. कंपनीची माहिती, पगार, सुट्ट्या हे सगळं शेवटी सांगता येतं.

यानंतर रेघ मारलेले प्रश्न नव्याने लिहायचे. वरच्या प्रश्नाचं असं होईल : "शिफ्ट संपत आली असताना मशीन बंद पडलं, असा अलीकडचा एखादा प्रसंग सांगा. तुम्ही काय केलंत?" इथे ताण, शांतपणा हे शब्दच नाहीत. घडलेली गोष्ट मागितली आहे.

आता खरी कसोटी. उमेदवार म्हणतो, "आम्ही मेंटेनन्सला बोलावलं आणि काम सुरू केलं." बहुतेक मॅनेजर इथे "छान" म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. शिकलेला मॅनेजर त्यातला "आम्ही" हेरतो आणि एवढंच विचारतो, "त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?" आणि थांबतो. उमेदवार क्षणभर विचार करतो. मग सांगतो, की अर्धवट झालेले जॉब त्याने वेगळे काढून त्यांना टॅग लावले, पुढच्या शिफ्टच्या सुपरवायझरला फोन केला आणि तो येईपर्यंत थांबला. सुपरवायझर म्हणून माणूस कसा आहे, ते या उत्तरात आहे.

हे थांबणंच सर्वांत जड जातं. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि "माहीत नाही" कमी झालं. तो अभ्यास वर्गातला असला, तरी मुलाखतीत तीन सेकंद मोजून पाहण्यासारखे आहेत. मात्र शांतता ताणून धरू नये. नवखा उमेदवार घाबरला असेल, तर "सावकाश आठवा, घाई नाही" एवढं म्हणावं. ज्याने नोकरीच केलेली नाही, त्याला कॉलेजातला किंवा घरच्या कामातला प्रसंग विचारावा.

नुसतं ऐकूनही भागत नाही. गोष्ट रंगवून सांगणारा उमेदवार ऐकणाऱ्यावर छाप पाडतोच. त्यावर उपाय म्हणजे सर्व उमेदवारांना तेच मुख्य प्रश्न विचारणं, चांगलं उत्तर कशाला म्हणायचं ते आधी ठरवणं आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण देणं. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाचा फेरआढावा घेतला. अशा आखीव मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध 0.42 इतका निघाला, तर मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा 0.19. पूर्ण खात्री म्हणजे 1. म्हणजे उत्तम मुलाखतही बरंच काही सांगू शकत नाही. जिथे शक्य असेल तिथे उमेदवाराला प्रत्यक्ष काम करायला देऊन पाहावं.

तुमच्याकडे पुढची मुलाखत असेल, तर प्रश्न आदल्या दिवशी लिहून काढा आणि ज्याच्या शेवटी "ना?" येईल तो खोडा.