सिपनेचा पूर आणि आराखड्याला विचारायचे प्रश्न

सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातलं, परतवाडा-धारणी रस्त्यावरचं, सिपना नदीच्या काठचं गाव. सिपना पुढे तापीला मिळते. तापीवर बऱ्हाणपूरसारख्या ठिकाणी केंद्रीय जल आयोग पाण्याची पातळी मोजतो. त्या नोंदींचा उपयोग खालच्या अंगाला, हतनूर आणि उकाई धरणांकडे, होतो. सेमाडोह मात्र मोजणीच्या वरच्या बाजूला आहे. बऱ्हाणपूरला पाणी वाढल्याचं कळतं तेव्हा सिपनेचं पाणी गावाजवळून कधीच पुढे गेलेलं असतं. म्हणून आपत्ती व्यवस्थापनाच्या सादरीकरणात पहिला प्रश्न असा हवा: हा इशारा कोणत्या ठिकाणच्या मोजणीवर दिला जातो, आणि ते ठिकाण गावाच्या वर आहे की खाली?

दुसरा प्रश्न वेळेचा. पावसाची दैनंदिन नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांची असते आणि महसूल मंडळात 65 मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी धरली जाते. डोंगरी नदीसाठी एवढं पुरत नाही. समजा, 50 चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तीन तासांत 120 मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे 60 लाख घनमीटर पाणी. त्यातलं निम्मं चार तासांत वाहून आलं, तर नदीत सेकंदाला सरासरी 200 घनमीटरहून जास्त प्रवाह येतो. हाच पाऊस दिवसभर पसरून पडला तर प्रवाह कितीतरी कमी राहतो, पण सकाळच्या तक्त्यात दोन्ही दिवशी आकडा 120 च दिसतो. तेव्हा वरच्या भागातला तासाचा पाऊस कोण पाहतं आणि किती मिलिमीटरला फोन करायचा, हे आराखड्यात लिहिलेलं असलं पाहिजे. जिल्ह्यापुरता दिलेला 'ऑरेंज अलर्ट' हे काम करू शकत नाही, कारण अमरावती जिल्ह्यात मेळघाटचा डोंगर आणि खालचं सपाट वऱ्हाड दोन्ही येतात.

पुढचा प्रश्न निरोपाचा. वीज गेली, मोबाइलला रेंज नाही, अशा रात्री निरोप पोलीस पाटलापर्यंत कसा पोचणार? व्याघ्र प्रकल्पात गस्तीसाठी वन विभागाची बिनतारी यंत्रणा आहे. ती आराखड्यात नुसती साधन म्हणून नोंदवली आहे, की तिच्यावरचा निरोप गावात कोरकू भाषेत कोण सांगणार हेही ठरलं आहे?

आणि रपट्याचं काय? पाणी वरून वाहू लागल्यावर रस्ता बंद करायचा अधिकार कागदावर एकाकडे आणि जागेवर उभा दुसराच, असं असेल तर गाड्या पाण्यात घातल्या जातात. खांबावरची लाल खूण कोणत्या उंचीला आहे आणि ती दिसताच दोर कोण बांधतो, हे नावानिशी विचारावं. रंगीत तालीम दिवसा, कोरड्या रस्त्यावर झाली असेल, तर ती रात्री दोनला पुन्हा घ्यावी. निरोप निघाल्यापासून शेवटच्या घरातलं माणूस उठेपर्यंतची मिनिटं मोजावीत, आणि ती वरच्या पावसाचं पाणी गावापर्यंत यायला लागणाऱ्या वेळेशी ताडून पाहावीत.